गिझर कोणाचा?

जुन्या खरेदीखतांत एक ठरलेली ओळ असायची. मिळकत विकली ती ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ यांसह. म्हणजे विहिरीचं पाणी, बांधावरचं आंब्याचं झाड, कुरणातलं गवत, इतकंच काय, जमिनीखाली कोणी पुरून ठेवलेला हंडा निघाला तर तोही घेणाऱ्याचा. आजच्या फ्लॅटच्या कागदांत ही ओळ अधूनमधून तशीच उतरलेली दिसते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तृण आणि पाषाण कुठून येणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पण ज्या गोष्टींवरून पुढे खरोखर भांडणं होतात त्या गिझर, पंखा, एसी आणि किचन ट्रॉल्यांबद्दल त्या कागदात बहुतेकदा चकार शब्द नसतो.

भांडण होतं ते ताब्याच्या दिवशी. घर पाहिलं तेव्हा सजलेलं होतं. व्यवहार झाला, नोंदणी झाली, पैसे गेले. किल्ली हातात पडल्यावर दार उघडून पाहावं तर छताला पंख्यांच्या जागी चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरी लोंबताहेत, स्वयंपाकघरातली कपाटं दात पडल्यासारखी रिकामी आहेत. विचारलं तर विकणारे गृहस्थ म्हणतात, “ते सगळं मी माझ्या पैशानं बसवलं होतं.” त्यांचं म्हणणं खरंही असतं. पण कायद्याच्या लेखी तो मुद्दाच नाही. भिंतीसुद्धा त्यांच्याच पैशाच्या होत्या.

कायदा काय पाहतो, ते मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मध्ये आहे. तिथल्या कलम 3 मध्ये ‘जमिनीला जोडलेलं’ म्हणजे काय ते तीन पायऱ्यांत सांगितलंय. पहिली पायरी झाडाझुडपांची, कारण त्यांची मुळं जमिनीत असतात. दुसरी भिंती आणि इमारतींची, कारण त्या जमिनीत रोवलेल्या असतात. फ्लॅटवाल्याला कामाची आहे ती तिसरी: अशा रोवलेल्या गोष्टीला, तिचा कायमस्वरूपी लाभदायक उपभोग घेता यावा म्हणून जोडलेली वस्तू. भिंत इमारतीची आणि बेसिन त्या भिंतीचं. म्हणून बेसिनही स्थावर.

आता गिरगावातल्या खोलीत दिवाणखान्याच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेली आजोबांची तसबीर घ्या. तीही भिंतीला जोडलेलीच आहे. पण ती टांगली भिंतीच्या भल्यासाठी नव्हे, तर तसबीर नीट दिसावी म्हणून. तसबीर जंगम, विकणाऱ्याची. बेसिन आणि तसबीर यांच्यातला हा फरक लक्षात आला की अर्धा विषय संपला. वस्तू किती घट्ट बसवली आहे, काढताना किती मोडतोड होते, हे पाहायचंच. पण त्याहून जास्त महत्त्व ती कशासाठी बसवली याला आहे. घर घर म्हणून पुरं व्हावं म्हणून, की त्या वस्तूचा वापर करता यावा म्हणून? इंग्लंडच्या न्यायालयांनी 1872 मध्ये एका कापडगिरणीतल्या मागांच्या खटल्यात हीच दुहेरी कसोटी वापरली होती, आणि आपल्याकडेही कारखान्यांतली यंत्रं स्थावर की जंगम हे ठरवताना न्यायालयं जोडणीची रीत आणि तिचा हेतू हेच दोन प्रश्न विचारत आली आहेत.

मात्र फ्लॅट विकणाऱ्याने त्याच कायद्यातलं कलम 8 आधी वाचावं. मालमत्ता हस्तांतरित झाली की तिच्याबरोबर काय काय आपोआप जातं, त्याची यादी तिथे आहे. घराच्या बाबतीत तिथे कुलुपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि ‘घराबरोबर कायमच्या वापरासाठी ठेवलेल्या इतर सर्व वस्तू’ येतात. यातली गंमत किल्लीत आहे. किल्ली कशालाच जोडलेली नसते, ती खिशात असते. तरी ती घराबरोबर जाते, कारण तिच्याशिवाय कुलूप निरर्थक. हाच न्याय पुढे नेला तर ट्रॉलीच्या कपाटातली स्टीलची जाळी, खिडकीची रंगवायला काढून ठेवलेली झडप, मोटारवर चालणाऱ्या पडद्यांचा किंवा दाराच्या डिजिटल लॉकचा रिमोट या सुट्या दिसणाऱ्या वस्तूसुद्धा घराच्याच ठरू शकतात. ‘स्क्रू काढला की निघते, म्हणून माझी’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. दारही बिजागऱ्यांचे स्क्रू काढले की निघतंच.

कलम 8 ची सुरुवात मात्र एका अटीने होते: वेगळा इरादा व्यक्त केलेला नसेल, किंवा परिस्थितीवरून तो उघड निघत नसेल तर. म्हणजे ही सगळी यादी करार गप्प असेल तेव्हाची. दोघांनी लिहून ठरवलं की बेसिनसुद्धा विकणारा नेणार, तर तो बेसिन नेऊ शकतो. कायदा मुकाट्याने बाजूला होतो.

भाडेकरूची गोष्ट वेगळी आहे, आणि गोंधळ बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. कलम 108 नुसार भाडेकरू त्यानं स्वतः बसवलेल्या वस्तू जागा त्याच्या ताब्यात असेपर्यंत काढून नेऊ शकतो. जागा मूळ स्थितीत सोडली म्हणजे झालं. भाड्याच्या घरांत अर्धं आयुष्य काढलेल्यांच्या हाडीमाशी हा नियम भिनलेला असतो. फ्लॅट सोडताना ते गिझर काढायचे आणि पुढच्या घरी लावायचे. मग स्वतःचा फ्लॅट विकतानाही हात त्याच सवयीनं पान्ह्याकडे जातो. पण भाडेकरूची भिंत कधीच त्याची नसते. विकणाऱ्याची असते, आणि ती त्यानं विकलेली असते.

घरगुती वस्तूंचा इतका तपशीलवार निवाडा मला माहीत आहे तो लंडनचा. 1996 मध्ये तिथल्या अपील न्यायालयापुढे चेल्सी भागातल्या एका फ्लॅटचा खटला आला. कर्ज थकल्यामुळे बँकेनं फ्लॅट ताब्यात घेतला, आणि आतल्या शंभरावर वस्तूंपैकी कोणत्या फ्लॅटबरोबर बँकेकडे गेल्या, असा वाद होता. खालच्या न्यायाधीशांनी जवळजवळ सगळंच बँकेला देऊन टाकलं होतं. अपिलात न्यायालयानं वस्तू गटागटानं पाहिल्या. न्हाणीघरातले नळ आणि तशा जोडण्या, स्वयंपाकघरातली बसवलेली कपाटं आणि सिंक हे फ्लॅटचे भाग ठरले. गालिचे, पडदे, दिवे, तसंच ओव्हन, डिशवॉशर, फ्रिज ही उपकरणं मात्र मालकाची ठरली. त्यातली काही कपाटांत नेमकी बसवलेली होती, तरीही. उपकरण बिघडतं, बदललं जातं, त्याला स्वतःचं वेगळं आयुष्य असतं, असा त्यामागचा विचार. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण वकिलाला बाजू मांडायची वेळ आली तर तो हा निकाल काढणारच, कारण स्वयंपाकघराच्या कपाटावर आणि नळावर इतक्या बारकाईनं बोललेले न्यायाधीश कमी आहेत.

आता एक काल्पनिक, पण अगदी नेहमीचा व्यवहार घेऊ. पुण्यात कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट, किंमत 85 लाख. मार्चमध्ये साठेखत, मेच्या मध्यावर खरेदीखत, मेअखेर ताबा. कागदावर फक्त ‘फ्लॅट आतील फिटिंग्जसह’ एवढंच. ताब्याच्या दिवशी दिसलं ते असं: किचनच्या ट्रॉल्या आणि जाळ्या गेल्या, चिमणी गेली, ओट्यात कापून बसवलेला हॉब गेला, दोन्ही गिझर गेले, चार पंखे, दोन एसी गेले, एसीचे तांब्याचे पाइप भिंतीतून उपसून नेले, बेडरूममधलं भिंतभर कपाट जागेवर पण त्याचे शटर गायब, बाथरूममधले भारी नळ जाऊन तिथे प्लॅस्टिकचे नळ आले, आणि हॉलमधला सागवानी झोपाळा गेला.

झोपाळ्यापासून सुरुवात करू, कारण तो सोपा आहे. झोपाळा विकणाऱ्याचा. छतातल्या कड्या घराच्या. त्या ठोकून काढल्या तर स्लॅबला भोक पडेल. पंख्यांचंही तसंच. पंखा हुकाला अडकवलेला असतो, दोन मिनिटांत निघतो, दुसऱ्या घरी तसाच्या तसा चालतो. करार गप्प असेल तर पंखा जंगम मानला जाण्याची शक्यता जास्त. पण हूक, स्विचबोर्ड आणि बोर्डात बसवलेला रेग्युलेटर घराचा. रेग्युलेटर काढून बोर्डाला खिडकी ठेवून जाणारे महाभाग आहेत. त्यांना त्या दोनशे-चारशे रुपयांचं नेमकं काय करायचं असतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

एसीत दोन भाग करावे लागतात. भिंतीवरचं आतलं यंत्र आणि बाहेरचं यंत्र ही उपकरणं आहेत, ती नेता येतात. जाणकार मेकॅनिक ती काढण्याआधी सगळा वायू बाहेरच्या यंत्रात कोंडून घेतो, त्याला ‘पंप डाउन’ म्हणतात. मग पाइपांची तोंडं बंद करतो. पण प्लास्टरच्या आत पुरलेला पाइप, त्यातून गेलेली वायर आणि पाणी वाहून नेणारी नळी हे भिंतीच्या पोटात आहेत. ते ओढून काढायला भिंत फोडावी लागते. आमच्या उदाहरणात पाइप उपसले, तिथे विकणारा सरळसरळ चुकला. छतात लपवलेल्या डक्टच्या एसीची गोष्ट वेगळी. त्यात डक्ट आणि यंत्र एकमेकांशिवाय निरुपयोगी असतात, आणि ती यंत्रणा घरासाठीच मापून बनवलेली असते. ती घराबरोबर जाते असं मी म्हणेन.

ट्रॉल्या आणि शटर यांबद्दल शंका नको. ओट्याखालची चौकट भिंतीला स्क्रूनं बांधलेली, ओट्याच्या मापानं केलेली. ट्रॉली काढली की ती चौकट म्हणजे नुसता खोका, आणि दुसऱ्या घरी त्या ट्रॉल्या बहुधा बसणारही नाहीत. भिंतभर कपाटाचे शटर हे त्याची दारंच. दारं तर कायद्याच्या यादीत नावानिशी आहेत. नळ घराचे, आणि भारी नळ काढून हलके लावणं हे काढून नेण्याइतकंच आहे.

हॉब आणि चिमणी ही उपकरणं आहेत, असं चेल्सीच्या धर्तीवर म्हणता येईल. पण हॉब काढला की ग्रॅनाइटमध्ये चौकोनी भगदाड राहतं, आणि ओट्याला पुन्हा उपयोगी करायला नेमक्या त्याच मापाचा हॉब शोधावा लागतो. इथे दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे वाद घालता येईल. गिझरचंही तसंच. दोन बोल्टांवर टांगलेला, दोन लवचिक नळ्यांनी जोडलेला, हे पाहिलं तर जंगम. पण बाथरूममध्ये गरम पाणी येणं हा घराच्या वापराचाच भाग, हे पाहिलं तर स्थावर. मला विचाराल तर नेमक्या याच मधल्या वस्तूंसाठी करारात यादी हवी. झोपाळा आणि बेसिन यांचं उत्तर कायदाच देतो. गिझरचं उत्तर कागदावर नसेल, तर ते बऱ्याचदा भांडणातच सापडतं.

आणि गिझर नेताना तो नेण्याची रीतही पाळायला हवी. पाण्याच्या दोन्ही तोंडांना बूच बसवायचं, वायरीचं टोक झाकायचं, अँगल कॉक जागेवर सोडायचा. कलम 55 विकणाऱ्यावर एक कर्तव्य टाकतं: करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत त्यानं मालमत्तेची इतकी काळजी घ्यायची, जितकी एखादा शहाणा मालक स्वतःच्या मालमत्तेची घेईल. वस्तू नेण्याचा हक्क असला तरी भिंत फोडण्याचा हक्क त्याबरोबर येत नाही.

या सगळ्यात तारीख महत्त्वाची. साठेखतानं मालकी जात नाही. कलम 54 तसं स्पष्ट सांगतं. मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत ट्रॉल्या विकणाऱ्याच्याच मालकीच्या होत्या. त्या काळात काढल्या तर तो कराराचा भंग आणि काळजी घेण्याच्या कर्तव्याचा भंग. त्याची भरपाई मागता येते. खरेदीखत नोंदल्यानंतर मात्र घराशी जडलेली प्रत्येक वस्तू घेणाऱ्याची झाली, मग विकणारे अजून आत राहत असले तरी. त्यानंतर काढली तर ते दुसऱ्याचं काढून नेणं. चिडलेला घेणारा अशा वेळी पोलिसांत जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार जमिनीला जोडलेली वस्तू ती वेगळी केली की चोरीचा विषय होऊ शकते, हे खरं. पण चोरीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून, अप्रामाणिक हेतूनं नेलेली असावी लागते, आणि विकणारा तर स्वतःच ताब्यात बसलेला असतो. ठाण्यावर ‘हा दिवाणी मामला आहे’ हे उत्तर मिळालं तर नवल वाटू नये. दिवाणी न्यायालयात भरपाई मिळेल, पण ती प्रत्यक्ष नुकसानीइतकी. आठ वर्षं वापरलेल्या ट्रॉलीबद्दल नव्या ट्रॉलीची पूर्ण किंमत मिळेल असं धरून चालू नये. या रकमेसाठी वर्षानुवर्षं तारखा घेणं परवडतं का, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

म्हणून खरा उपाय साठेखताच्या आधीचा आहे. घर पाहताना खोलीनिहाय यादी करायची: काय राहणार, काय जाणार. वस्तूचं नाव पुरेसं नाही. कंपनी आणि जागाही लिहावी, नाहीतर 25 लिटरच्या गिझरच्या जागी 3 लिटरचा टांगलेला सापडतो. सोबत फोटो काढायचे. ही यादी साठेखताला परिशिष्ट म्हणून जोडायची आणि दोघांनी तिच्यावर सह्या करायच्या. बिल्डरकडून पहिल्यांदा घर घेतानाच्या करारात फरशी, सॅनिटरी फिटिंग आणि सोयींचं परिशिष्ट असतं. ते जुन्या कागदांतून काढून पाहिलं की बिल्डरनं मुळात काय दिलं होतं ते कळतं. त्यातलं काहीही, मग ते जुनं झालेलं का असेना, विकणाऱ्यानं न्यायला आधारच उरत नाही. ‘सेमी-फर्निश्ड’ या जाहिरातीतल्या शब्दावर मात्र विसंबू नये. त्याचा अर्थ कोणत्याच कायद्यात लिहिलेला नाही.

यादीला दात हवेत तर पैशाशी जोडावी लागते. बँकेच्या कर्जाचा चेक बहुतेकदा नोंदणीच्या वेळीच विकणाऱ्याच्या हाती जातो, ताबा नंतर. तेव्हा आपल्या पदरच्या रकमेतला काही भाग ताब्याच्या दिवशी, यादी तपासल्यावर द्यायचा, हे साठेखतातच लिहून घ्यावं. यादीतल्या वस्तूंच्या किमतीपेक्षा ही रक्कम थोडी जास्त असावी. तपासणी रिकाम्या घरात, उजेडी करावी. सामान भरलेलं असताना कपाटामागचं भोक दिसत नाही.

एक मोह इथे टाळण्यासारखा आहे. पुण्याच्या महापालिका हद्दीत फ्लॅटच्या खरेदीखतावर सर्वसाधारणपणे 7 टक्के मुद्रांक शुल्क पडतं. जंगम वस्तू नुसत्या हाती दिल्या की विकल्या जातात, त्यांना कागद लागत नाही. दस्त केलाच तर शुल्क बरंच कमी. म्हणून एजंट सुचवतो, 85 लाखांतले 10 लाख ‘फर्निचर’चे दाखवा, 70,000 वाचतील. सोफा, पलंग, फ्रिज खरोखर घेतले असतील तर त्यांची रास्त किंमत वेगळी दाखवण्यात गैर काही नाही. पण ट्रॉल्या, शटर, फॉल्स सीलिंग त्यात कोंबले तर ते स्थावरच आहेत. नाव बदलून त्यांचं स्वरूप बदलत नाही. शिवाय सरकारी रेडी रेकनरच्या दराखाली गेलात तर शुल्क त्या दरानंच भरावं लागतं. बँक कर्ज देताना फ्लॅटची किंमत 75 लाखच धरते. आणि पुढे तुम्ही तोच फ्लॅट विकाल तेव्हा भांडवली नफा मोजताना तुमची खरेदीही 75 लाखच धरली जाईल. आज वाचवलेल्या सत्तर हजारांपेक्षा तो कर जास्त होऊ शकतो.

काही वस्तू दोघांच्याही नसतात, आणि त्या निघताना विसरल्या जातात. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीचे. विकणाऱ्याच्या नावावर त्यांची अनामत असते. ते घेणाऱ्याला ‘राहू द्या’ म्हणून सोडून जायचे नसतात, वितरकाकडे जमा करून कनेक्शन बदलून घ्यायचं असतं. पाइप गॅस असेल तर मीटर आणि पाइप कंपनीचे, ते जागेवर राहतात, फक्त नाव बदलतं. गच्चीवरची सोलर यंत्रणा किंवा पाण्याची टाकी सोसायटीची असेल, तर तिला हात लावण्याचा प्रश्नच नाही.

विकणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. जी वस्तू न्यायची आहे आणि जी वादात सापडू शकते, ती घर दाखवायला सुरुवात करण्याआधीच काढावी. आईच्या हातचं काचेचं झुंबर छताला असेल तर ते उतरवून तिथे साधा दिवा लावावा. मग घेणाऱ्यानं पाहिलेलं घर आणि त्याला मिळालेलं घर एकच राहतं. उलट बाजूला, नको असलेला जुना पलंग आणि माळ्यावरची पिंपं मागे सोडून जाणं हेही चालत नाही. त्या वस्तू अजून विकणाऱ्याच्याच असतात. घेणाऱ्यानं त्या लगेच भंगारात घालू नयेत. मुदत देऊन लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘न्या, नाहीतर विल्हेवाट लावू’ असं कळवावं, फोटो काढून ठेवावेत आणि मुदत संपल्यावरच हलवावं.